किल्ली दिली, हक्क नाही

पाथर्डीतून नोकरीनिमित्त नगर-पुण्याला गेलेली माणसे गावातल्या फ्लॅटची किल्ली भावाच्या, पुतण्याच्या हाती देऊन जातात. भाडे नाही, कागद नाही. पुढे घर विकायचे ठरते, तेव्हा तोच पुतण्या सांगतो, ‘बारा वर्षे झाली, वीजबिल माझ्या नावावर आहे, मी निघणार नाही.’

हा दावा खोटा आहे. परवानगीने राहणाऱ्याचा ताबा कितीही वर्षे लांबला तरी त्यातून मालकी जन्मत नाही. गोव्यातील एका बहीण-भावाच्या खटल्यात मार्च २०१२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच ठणकावून सांगितले: काळजीवाहू म्हणून किंवा फुकट राहू दिलेल्या माणसाला दशके उलटली तरी हक्क मिळत नाही. वीजबिल, आधारकार्डावरचा पत्ता यांतून राहणे सिद्ध होते, मालकी नव्हे.

पण याच खटल्यात खालच्या न्यायालयांत भाऊ जिंकला होता, हे मालकांनी नीट ध्यानात घ्यावे. बहिणीने आपल्याला कायदेशीर मार्गाशिवाय घराबाहेर काढले, अशी त्याची तक्रार होती. अशा माणसाला सहा महिन्यांच्या आत दावा करून ताबा परत मागता येतो आणि त्या दाव्यात मालकी कोणाची हे पाहिले जात नाही. म्हणून राहणारा लग्नाला गेला असताना कुलूप बदलणे किंवा वीज-पाणी तोडणे हा मार्ग नव्हेच.

रस्ता सरळ आहे, फक्त लांब आहे. वकिलामार्फत स्पीड पोस्टाने नोटीस पाठवून परवानगी रद्द करावी, सामान हलवायला महिनाभराची मुदत द्यावी आणि त्यानंतरच्या प्रत्येक महिन्याची भरपाई मागू असे त्यातच लिहावे. मुदत संपल्यावर दिवाणी न्यायालयात ताब्याचा दावा. त्या तारखेनंतर त्याच्याकडून ‘भाडे’ म्हणून एक रुपयाही घेऊ नये, नाहीतर तो स्वतःला भाडेकरू म्हणवून घेतो. परवानगीच्या भरवशावर त्याने स्वखर्चाने पक्के बांधकाम केले असेल, तर परवानगी रद्द करणेच अवघड होते. त्यामुळे ‘वरची खोली मी बांधली’ या म्हणण्याचा खरेखोटेपणा आधी तपासावा. मालक साठी ओलांडलेले आईवडील असतील आणि मुलगा छळत असेल, तर २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. तिथे दिवाणी दाव्याइतकी वर्षे सहसा लागत नाहीत.

मात्र नोटिसीच्याही आधी खरेदीखत काढून पाहावे. फ्लॅट मृत वडिलांच्या नावावर असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर आत बसलेला भाऊही वारसच आहे. सोसायटीतल्या नॉमिनेशनमुळे त्याचा वाटा जात नाही. त्याला बाहेर काढण्याची नोटीस तिथे निरुपयोगी ठरते. उरलेल्या भावंडांनी वाटपाचाच दावा लावावा आणि फ्लॅटचे तुकडे पडत नसल्याने विक्री करून पैशांची वाटणी मागावी.