विश्लेषण : रक्त चढवताना पहिली १५ मिनिटे निर्णायक का?

रक्तपेढीतून पिशवी आली की नातेवाइकांचा जीव भांड्यात पडतो. प्रत्यक्षात, खाटेजवळची शेवटची तपासणी तेव्हाच सुरू होते.

चूक कुठे होते?

समजा, एका वॉर्डात एकाच आडनावाच्या दोन महिला आहेत. एकीचा रक्तगट ‘ओ’, दुसरीचा ‘ए’. दोघींच्या पिशव्या एकदम आल्या आणि ‘ए’ रक्त ‘ओ’ गटाच्या महिलेला लागले. रक्तपेढीची चाचणी अचूक होती; माणूस चुकला. म्हणूनच पिशवी लावण्यापूर्वी दोन कर्मचाऱ्यांनी रुग्णाला ‘तुमचे पूर्ण नाव काय?’ असे विचारायचे असते. ‘तुम्ही अमुक ना?’ असे विचारल्यास गुंगीतला रुग्ण ‘हो’ म्हणून मोकळा होतो. मग मनगटपट्टीवरील नाव व नोंदणी क्रमांक, पिशवीचा क्रमांक, रक्तगट व मुदत क्रॉसमॅचच्या कागदाशी ताडून पाहायची.

नमुनाच दुसऱ्याचा गेला असेल, तर मात्र ही तपासणी चूक पकडू शकत नाही. त्यासाठी नळीवर नाव खाटेपाशीच लिहायचे आणि गट जुन्या नोंदीशी किंवा दुसऱ्या नमुन्याशी पडताळायचा.

गट जुळला, तरी क्रॉसमॅच कशाला?

याचे उत्तर मुंबईतच मिळाले. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी ‘बॉम्बे’ रक्तगटाची नोंद केली. साध्या चाचणीत हा गट ‘ओ’ वाटतो. पण या व्यक्तींच्या पेशींवर ‘एच’ प्रतिजन नसते आणि रक्तात त्याविरुद्ध प्रतिपिंडे असतात. ‘ओ’ पेशींवर ‘एच’ भरपूर असल्याने नेहमीचे ‘ओ’ रक्तही त्यांना घातक ठरते. हा विरोध क्रॉसमॅचमध्ये दिसतो.

शरीरात काय घडते?

‘ओ’ गटाच्या रक्तात ‘ए’ आणि ‘बी’ या दोन्हींविरुद्ध प्रतिपिंडे आधीपासून असतात. ती आलेल्या ‘ए’ पेशी रक्तवाहिनीतच फोडतात. त्यासाठी काही मिलिलिटर रक्तही पुरते. म्हणून सुरुवात संथ ठेवतात आणि १५ मिनिटांनी ताप, नाडी, रक्तदाब पुन्हा तपासतात.

धोका कसा ओळखायचा?

हुडहुडी, ताप, सुई टोचलेल्या जागी आग, कंबरेत किंवा छातीत दुखणे, धाप, अकारण प्रचंड घाबरणे आणि नंतर लालसर-काळपट लघवी ही लक्षणे आहेत. भूल दिलेला रुग्ण काही सांगू शकत नाही. तिथे घसरलेला रक्तदाब, लाल लघवी किंवा जखमेतून न थांबणारा रक्तस्राव हाच इशारा असतो. नुसती खाज किंवा गांधी बहुधा सौम्य अ‍ॅलर्जीची असते. तरीही रक्त थांबवून डॉक्टरांना दाखवावे लागते.

मग काय करायचे?

नातेवाइकांनी लगेच परिचारिकेला हाक मारावी. स्वतः नळीला हात लावू नये. परिचारिका रक्त थांबवते, सुई तशीच ठेवून नव्या सेटने सलाइन सुरू करते, डॉक्टरांना बोलावते आणि नावे पुन्हा ताडते. उरलेली पिशवी फेकायची नसते. ती सेटसह, नव्या रक्तनमुन्याबरोबर रक्तपेढीत जाते. दुसऱ्या महिलेची पिशवीही तात्काळ रोखावी लागते, कारण अदलाबदल झाली असेल तर तिलाही चुकीची पिशवी लागू शकते.