उपाशी पोट, रात्रीची क्वार्टर आणि खिशातली गोळी

दिवाळी झाली की केज, धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासारच्या वस्त्या ओस पडतात. कोयते पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांवर जातात. मग हंगामात कधीतरी गावाकडे फोन येतो की अमुक जण कोपीत रात्री झोपला तो उठलाच नाही. सगळे म्हणतात, ‘दारूने गेला.’ आमचं म्हणणं असं की अशा मरणात दारूइतकाच उपाशी पोटाचाही हात असू शकतो. उपाशी पोटाचा दोष एकट्या त्या माणसाचा नसतो.

हे समजायला यकृताचं, म्हणजे आपण ज्याला लिव्हर म्हणतो त्याचं, एक काम माहीत हवं. आपला मेंदू रक्तातल्या साखरेवर चालतो आणि त्याला तासाला साधारण 5 ग्रॅम साखर लागते, झोपेतसुद्धा. जेवण पचून गेल्यावर ही साखर यकृत पुरवतं. त्याच्याकडे दोन वाटा आहेत. पहिली वाट साठ्याची. पोटभर जेवलेल्या माणसाच्या यकृतात साधारण 80 ते 100 ग्रॅम साखर साठवलेली असते. दुसरी वाट नवी साखर तयार करण्याची. स्नायूंनी कष्ट करून रक्तात सोडलेलं लॅक्टिक आम्ल, चरबीतलं ग्लिसरॉल आणि प्रथिनांचे तुकडे घेऊन यकृत त्यांची साखर बनवतं. साठा संपला की सगळी भिस्त या दुसऱ्या वाटेवर असते.

आता फडातला एक दिवस धरून चालू. माणूस पहाटे चारला फडात उतरला. दहाला भाकरी-चटणी खाल्ली. दुपारभर ऊस तोडला, मोळ्या बांधल्या, संध्याकाळी गाडी भरली. इतक्या कष्टाला स्नायू रक्तातली साखर भराभर ओढतात आणि यकृताचा साठा अंधार पडेपर्यंत रिकामा होत येतो. कोपीवर आल्यावर अंग ठणकतं, जेवायची इच्छा राहत नाही. आठ वाजता तो 180 मिलीची एक क्वार्टर रिकामी करतो आणि न जेवता आडवा होतो.

त्या क्वार्टरमध्ये साधारण 60 ग्रॅम अल्कोहोल असतं. यकृत ते तासाला 7 ते 10 ग्रॅम या गतीनेच जाळतं, म्हणजे पहाटे दोन ते चारपर्यंत ते त्याच कामात अडकून पडतं. आणि खरी मेख इथे आहे. अल्कोहोल जाळायला यकृताच्या पेशीला एनएडी नावाचा मदतनीस लागतो. लॅक्टिक आम्लापासून साखर करायलाही तोच लागतो. दारू तो आधी पळवते, त्यामुळे साखर करण्याचं काम जवळजवळ बंद पडतं. साठा संपलेला आणि नवी साखर बनत नाही, अशा अवस्थेत मेंदू मात्र तासाला 5 ग्रॅम मागतच राहतो. जेवून प्यालेल्या माणसाचा साठा शिल्लक असतो, म्हणून त्याला हा धोका फार कमी.

साखर उतरली की माणूस थंड घामाने भिजतो, हात थरथरतात, असंबद्ध बोलतो, कधी झटका येतो, मग हाकेला ओ देत नाही. हे सगळं नशेसारखंच दिसतं. म्हणून आजूबाजूचे म्हणतात, ‘जास्त झालीय, झोपू द्या.’ असं झोपू देणंच जिवावर बेततं. गिळता येत असेल तर लगेच तीन-चार चमचे साखर किंवा गूळ पाण्यात कालवून पाजा आणि सावध झाल्यावर भाकरी खाऊ घाला. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा, 108 ला फोन करा आणि ‘उपाशी होता, प्यालेला आहे, साखर तपासा’ हे स्पष्ट सांगा. बोटाच्या एका थेंबावर साखर कळते.

पंचशीलातलं पाचवं शील घरोघरी पाठ आहे, ते आम्ही पुन्हा सांगत बसत नाही. पण दारूला न शिवणाऱ्या बाईच्या यकृतावरही याच उपाशी पोटाचा भार पडतो, तो गोळीच्या रूपाने. सगळ्यांना वाढून ती शेवटी उरलंसुरलं खाते. कंबर दुखते, पण खाडा झाला तर पैसे कापले जातात, म्हणून गोळी घेऊन ती फडात उतरते.

यातल्या बहुतेक गोळ्यांत पॅरासिटामॉल असतं. ठरल्या प्रमाणात ते चांगलं औषध आहे. यकृत त्याचा मोठा भाग निरुपद्रवी करून लघवीवाटे घालवतं. थोडा भाग मात्र विषारी होतो आणि त्याला ग्लुटाथायोन नावाचं द्रव्य शांत करतं. ते द्रव्य यकृत जेवणातल्या प्रथिनांपासून बनवतं. उपाशी अंगात ते कमी असतं. रोज पिणाऱ्याच्या अंगात तर विषारी भाग जास्त बनतो. ग्लुटाथायोन संपलं की ते विष यकृताच्याच पेशी मारतं.

धडधाकट माणसाला दिवसाची हद्द 4000 मिलिग्रॅम. किरकोळ वजनाच्या, अर्धपोटी किंवा पिणाऱ्या माणसाला डॉक्टर बहुधा 2000 च्या आतच थांबवतात. आता हिशेब करा. 650 ची गोळी तीन वेळा, म्हणजे 1950. अंगदुखीची जोडगोळी, जिच्यात दुसऱ्या औषधाबरोबर 325 पॅरासिटामॉल असतं, ती तीन वेळा, म्हणजे 975. सर्दीची 500 वाली तीन वेळा, म्हणजे 1500. बेरीज 4425. तिला वाटतं आपण तीन वेगळी औषधं घेतली, पण यकृताला तिन्हींत एकच औषध मिळालं.

पहिल्या दिवशी नुसती मळमळ होते, कधी तीही नाही. पुढे उजव्या बरगडीखाली दुखतं, मग डोळे पिवळे होतात. प्रथिनांच्या कचऱ्यातला अमोनिया यकृत एरवी युरिया करून लघवीवाटे काढतं. ते थांबलं की अमोनिया मेंदूपर्यंत जातो आणि माणूस बरळू लागतो. यावर एन-ॲसिटिलसिस्टीन हा उतारा आहे. एकदम जास्त गोळ्या पोटात गेल्या असतील तर पहिल्या 8 तासांत तो सर्वांत गुणकारी. म्हणून पिवळेपणाची वाट पाहू नये, आणि रिकामी पाकिटं सोबत न्यावीत.

आमचं मत स्पष्ट आहे. दुकानदाराने किंवा मुकादमाने हातावर ठेवलेली सुटी गोळी घेऊ नका. पाकीट मागा, त्यावर पॅरासिटामॉल शोधा आणि वाचणारी लेक घरात असेल तर दिवसाची बेरीज तिला करायला लावा. पण एवढ्याने भागणार नाही. 2019 साली शासनाच्या समितीने बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. दुखणं अंगावर काढायचं, नाहीतर अवयवच काढून टाकायचा, अशी ही रीत आहे. उचल देताना कोयत्याचा हिशेब होतो, भाकरीच्या वेळेचा होत नाही. गाडी भरण्याआधी जेवणाची सुट्टी करारात लिहिली जावी, आजारपणाचा खाडा कापला जाऊ नये आणि कारखान्याच्या तळावर साखर तपासायचं यंत्र व नर्स असावी. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाकडे आपल्या टोळ्यांनी यंदा उचल घेण्याआधीच ही मागणी लेखी द्यावी.