फोटो बघून निकाल देऊ नका

गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकाच संध्याकाळी दोन फोटो आले. एकात कोंब आलेले बटाटे, दुसऱ्यात कोपऱ्याला हिरवट ठिपका पडलेली ब्रेडची स्लाइस. प्रश्न एकच, "खाल्लं तर चालेल का?" दहा मिनिटांत निकाल लागला. बटाटे फेका, विष असतं. ब्रेडचा कोपरा कापा, भाजून खा, काही होत नाही.

मंडळी, निकाल बरोब्बर उलटा लागला.

आधी ब्रेड घेऊ. आपल्याला जो ठिपका दिसतो तो बुरशीचा वरचा भाग. तिचे तंतू केसापेक्षा बारीक असतात आणि ब्रेड पडला मऊ, सच्छिद्र. ठिपका दिसेपर्यंत ते तंतू आत कुठवर गेलेत हे डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला तर नाहीच. तव्यावर भाजून बुरशी मरेलही, पण काही बुरशी जे विष तयार करतात ते तेवढ्या उष्णतेने जात नाही. म्हणून एका स्लाइसवर ठिपका दिसला तरी अख्खं पाकीट टाकायचं. आणि नाकाला लावून वास घेत बसू नका, बुरशीची बीजं श्वासातून आत जातात. एक शंका मात्र रास्त आहे. लादीपावावर कधीकधी पिठाची पांढरी भुकटी असते आणि फोटोत ती बुरशीसारखीच दिसते. भुकटी कोरडी असते, बोटाने झटकली की जाते. लव असेल, हिरवट-काळसर रंग असेल, कुबट वास असेल तर प्रश्नच संपला.

आता बटाटे. फोटो टाकणाऱ्या काकू आमच्याच मजल्यावर राहतात, म्हणून मी सरळ जाऊन बटाटे हातात घेतले. एकूण अकरा होते. सहा दाबून पाहिले तर दगडासारखे घट्ट, कोंब जेमतेम अर्धा सेंटीमीटर. ते चांगले. कोंब डोळ्यासकट खोल कोरून काढायचा, साल जाड काढायची, झालं. तीन सुरकुतलेले, पिलपिलीत, लांब कोंबांचे. ते टाकले. उरलेले दोन फोटोत अगदी छान दिसत होते. खिडकीपाशी नेले तेव्हा कळलं, अर्धा बटाटा हिरवा! काकूंच्या स्वयंपाकघरातल्या पिवळ्या दिव्यात तो हिरवेपणा फोटोत उतरलाच नव्हता. तेही टाकले. हिरवा डाग नखाएवढा असता तर खोल कापून बाकीचा बटाटा वापरला असता.

हिरवा रंग स्वतः घातक नाही, तो पानांतलाच. पण तो सांगतो की बटाट्याने उजेड खाल्लाय, आणि त्याच उजेडाने सोलॅनिनसारखी कडू विषारी द्रव्यंही वाढतात. ती सालीत, डोळ्यांत आणि कोंबात सगळ्यात जास्त असतात. "उकडलं की जातं" हा गैरसमज आहे, उकडून ती फारशी कमी होत नाहीत. 1969 साली लंडनच्या एका शाळेत उन्हाळी सत्रातून उरलेल्या पोत्यातले बटाटे शिजवून मुलांना जेवणात दिले. 78 मुलं आजारी पडली, 17 जणांना दवाखान्यात ठेवावं लागलं. सगळी बरी झाली. पण उलट्या-जुलाब सुरू झाले ते जेवणानंतर सात तास उलटल्यावर. म्हणजे "मी खाल्लं, मला लगेच काही झालं नाही" याला काही अर्थ नाही. भाजी कडू लागली, घशाला चरचरली तर पोराला "ताटात टाकायचं नाही" म्हणून दटावू नका. पोराची जीभ बरोबर सांगतेय.

म्हणून ग्रुपवर फोटो आला तर निकाल देण्याआधी विचारा: दाबून बघितलं का? दिवसाच्या उजेडात बघितलं का? ठेवलं कुठे होतं? बटाटे ओट्यावर ट्यूबलाइटखाली नाही, अंधारात, हवा लागेल असे ठेवायचे. आणि भाजीवाल्याकडे दिवसभर उजेडात पडलेल्या ढिगातला हिरवा बटाटा पिशवीत घालू देऊ नका, परत करा.

शेवटची गोष्ट खरी बोचली म्हणून लिहितोय. त्या ब्रेडच्या फोटोखाली एकाने लिहिलं होतं, "तुम्हाला नको तर कामवाल्या मावशींना देऊन टाका." त्यावर चार अंगठे. अहो, आपल्या पोराच्या पोटात जे चालत नाही ते मावशींच्या पोराच्या पोटात कसं चालेल? कुत्र्यालाही घालू नका, त्यालाही बाधतं. पिशवीत बांधून ओल्या कचऱ्याशेजारी ठेवू नका, सरळ ओल्या कचऱ्यात टाका.

द्यायचंच असेल तर ते सहा घट्ट बटाटे द्या.