पीएच नऊचं पाणी

परवा एका लग्नात प्रत्येक पानाशेजारी ‘अल्कलाइन’ पाण्याची बाटली उभी होती. पीएच ९, शरीरातलं आम्ल कमी करतं म्हणे! अहो, हे पाणी जिथे उतरतं त्या जठरातला पीएच असतो दीड ते साडेतीन. बाटलीतली अल्कली तिथे पोचताच संपते. रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात फुप्फुसं आणि मूत्रपिंडंच सांभाळतात, लेबल नव्हे. खनिजांचंही तेच. समजा, लिटरमागे २० मिलिग्रॅम कॅल्शियम आहे. पेलाभर दुधातलं सुमारे ३०० मिलिग्रॅम मिळवायला असं १५ लिटर पाणी ढोसावं लागेल. त्यापेक्षा नळाचं पाणी गाळून, खळखळून मिनिटभर उकळून झाकून ठेवावं. कावीळ, टायफॉइड, गॅस्ट्रोचे जंतू त्यात मरतात, आणि पाण्यातून खरी भीती असते ती त्यांचीच. (तळाशी बसणारा पांढरा साका निव्वळ क्षारांचा, त्याला घाबरू नका.) मात्र उकळून फ्लोराइड, नायट्रेट जात नाहीत, पाणी आटलं की त्यांचं प्रमाण उलट किंचित वाढतंच. तेव्हा बोअरवेलवाल्यांनो, पाणी आधी प्रयोगशाळेत तपासून घ्या. बाकीच्यांनी बाटलीचे पैसे खुशाल दुधावर घालावेत.