पांढऱ्या मांजरीचे कान

मागच्या महिन्यात एका वाचक भगिनीचं पत्र आलं. त्यांच्या पांढऱ्या बोक्याच्या कानाची कड लाल झाली आहे, हळद लावू का, असं त्यांनी विचारलं होतं. पत्र वाचताच मला आमची कापशी आठवली. मीही आधी हळदच लावली होती! म्हणून आज स्वयंपाकघर बाजूला ठेवून कापशीच्या कानांविषयी लिहिते.

कापशी नखशिखान्त पांढरी. दुपारी पापड वाळत घातले की त्यांच्या शेजारी गच्चीच्या कठड्यावर तीही पसरायची. चार-पाच वर्षांची असताना एका चैत्रात तिच्या कानांच्या कडा गुलाबी झाल्या. पावसाळ्यात आपोआप निवळल्या. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच. शिवाय टोकाकडचे केस विरळ झाले आणि बारीक कोंडा धरला. तेव्हाही मी लक्ष दिलं नाही. दिसण्यात विशेष काही नव्हतंच, पण बोट फिरवलं तर कड रव्यासारखी खरखरीत लागे.

त्याचं कारण असं. आपल्या कातडीला रंग देणारं द्रव्य उन्हातल्या अतिनील किरणांपासून संरक्षणही करतं. पांढऱ्या केसांखालच्या कातडीत ते नसतं. अंगावर दाट केस असतात म्हणून निभावतं, पण कानाची टोकं, नाकाचा शेंडा आणि पापण्या जवळजवळ उघड्याच. तिथली कातडी दर उन्हाळ्यात भाजते, आणि वर्षानुवर्षं असं झालं की त्यातल्या पेशी बिघडतात. मांजर सगळी पांढरी असायला हवी असंही नाही. कान काळे पण नाक पांढरं-गुलाबी असेल तर धोका नाकाला.

कापशी नऊ वर्षांची झाली तेव्हा डाव्या कानाच्या टोकावर खपली दिसली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, बोक्याशी भांडली असेल." मलाही पटलं. खपली पडली, खाली थोडं रक्त आलं, पुन्हा खपली धरली. एका ठिकाणी दाखवलं तर नुसती पावडर मिळाली. शेवटी मी कॅलेंडरवर खूण केली, आणि तीन आठवडे झाले तरी जखम तशीच, उलट कानाची कड आत वळू लागलेली!

इथेच माझी चूक झाली. भांडणातली साधी जखम आठ-पंधरा दिवसांत भरू लागते. खरूज असेल तर मांजर खाजवून हैराण होते आणि राखाडी खपल्या कपाळ-मानेकडे पसरतात. उन्हाने बिघडलेली जागा मात्र फारशी खाजत नाही. ती तिथेच राहते, भरल्यासारखी वाटते आणि पुन्हा उघडते. नाकावर तर ती साध्या ओरखड्यासारखीच दिसते.

दुसऱ्या डॉक्टरांनी कानाचा बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला. निदान आलं स्क्वेमस सेल कार्सिनोमा, म्हणजे कातडीचा कर्करोग. माझे तर हातपायच गळाले. पण डॉक्टर म्हणाले, हा रोग जागच्या जागी खात जातो, लांब सहसा उशिरा पसरतो, आणि कान असल्यामुळे कापता येतो. गळ्याच्या गाठी चाचपून त्यांनी भूल दिली आणि भोवतालच्या निरोगी कातडीसकट टोक काढलं. कापलेल्या भागाच्या कडा स्वच्छ आहेत का, तेही तपासून घेतलं. पंधरा दिवस गळ्यात कॉलर होती. ती आमच्यावर रुसली होती, पण जेवत होती. नाकाचं काम इतकं सोपं नसतं. तिथे कापायला जागा कमी, म्हणून लहान असतानाच गोठवून किंवा किरणांनी जाळावं लागतं. मोठं झाल्यावर उपाय अवघड.

आता हळदीबद्दल. हळदीने किंवा खोबरेल तेलाने बिघडलेल्या पेशी सुधारत नाहीत, फक्त दिवस वाया जातात. आपल्यासाठीची उन्हाची क्रीम्सही लावू नका. त्यांतलं झिंक ऑक्साइड आणि सॅलिसिलेटं मांजर चाटून पोटात घेते, आणि ती तिला विषारी आहेत. लावायचंच तर डॉक्टरांनी मांजरासाठी म्हणून सांगितलेलं.

आमच्याकडे आता सकाळी दहा ते चार गच्चीचं दार बंद. खिडकीची काच बरेच किरण अडवते, सगळे नाही, म्हणून तिथे जुन्या साडीचा पडदा लावला आहे. दर रविवारी उजेडात मी तिचा उरलेला कान आणि नाक बोटाने चाचपते. उजव्या कानाची कड थोडी गुलाबी आहे, खरखर अजून नाही. कापशी मात्र साडेतीन वाजल्यापासूनच दाराशी बसून ओरडत असते.