वटवाघूळ नव्हे, वाट रोखा

निपाहचे नाव निघाले की वटवाघळांना मारून टाकण्याची भाषा सुरू होते. बांगलादेशचा अनुभव वेगळे सांगतो. तेथे हिवाळ्यात शिंदीच्या खोडाला खाच पाडून रात्रभर मडक्यात रस गोळा करतात. फळांवर जगणारी वटवाघळे रात्री तोच रस चाटतात. त्यांची लाळ आणि मूत्र रसात मिसळते. पहाटे हा रस कच्चाच प्यायल्यावर विषाणू माणसात शिरतो. हाच रस उकळून गूळ केला तर विषाणू टिकत नाही.

म्हणजे विषाणू वटवाघळांत असणे पुरेसे नाही, त्याला माणसापर्यंत वाट लागते. महाबळेश्वरच्या गुहेतील वटवाघळांतही 2020 मध्ये निपाहच्या खुणा सापडल्या होत्या; पण त्यातून माणसांत साथ आली नाही.

बांगलादेशात संशोधकांनी खाच, रसाची धार आणि मडके बांबूच्या झापाने झाकून पाहिले. रात्री लावलेल्या कॅमेऱ्यांत दिसले, की वटवाघळे येतात, पण रसाला तोंड लावू शकत नाहीत. झाप अपुरे असेल तर मात्र उपयोग नाही. वटवाघळांची हत्या करण्यापेक्षा रस झाकणे, उकळणे हेच शहाणपणाचे.