डिस्चार्जचा दुसरा कागद

हृदयाचे पंपिंग कमी होऊन अंगात पाणी साठले, धाप लागली म्हणून दाखल झालेल्या सत्तरीपुढच्या बाई आठवड्याभराने घरी जातात. त्यांच्या फाइलमधल्या डिस्चार्ज कार्डाच्या तळाशी साधारण अशा ओळी असतात : ‘टॅब फ्रुसेमाइड ४० एमजी १-०-०, फ्लुइड रिस्ट्रिक्शन १.५ लिटर, सॉल्ट रिस्ट्रिक्टेड डाएट, डेली वेट मॉनिटरिंग, कंटिन्यू अदर मेडिसिन्स, रिव्ह्यू आफ्टर सेव्हन डेज ऑर एसओएस.’ पुढच्या डॉक्टरसाठी हा कागद नेमका आहे आणि तो तसाच राहिला पाहिजे. पण औषधे आजी घेणार, स्वयंपाक सून करणार आणि त्या दोघींना या कागदातून करण्यासारखे काहीच कळत नाही. या आजारात घरी गेल्यावरचे पहिले काही आठवडेच सर्वांत जोखमीचे असतात आणि त्या काळात उपचार घरचीच माणसे करत असतात. त्यांच्यासाठी वेगळा, मराठीतला दुसरा कागद प्रत्येक रुग्णालयाने दिलाच पाहिजे.

मात्र ‘द्रव-निर्बंध’, ‘लवण-मर्यादित आहार’ असे लिहिले म्हणजे हा कागद तयार होत नाही. स्वयंपाकघरात, पाण्याच्या तांब्याजवळ आणि गोळ्यांच्या डब्यासमोर नेमके काय करायचे, ते त्यात हवे. पहिलीच गोळी घ्या. ‘१-०-०’च्या जागी असे लिहिता येईल : ‘सकाळी नाश्त्यानंतर एक गोळी. ही अंगातले पाणी लघवीवाटे काढते. घेतल्यावर काही तास लघवीला सारखे जावे लागेल, घाबरू नका. संध्याकाळी घेऊ नका, रात्री उठताना तोल जाऊन पडाल.’ एवढ्यावर थांबून चालणार नाही. एसटीचा प्रवास असेल त्या दिवशी आणि घरात कार्य असेल त्या दिवशी बायका नेमकी हीच गोळी टाळतात, कारण वाटेत सोय नसते. दोन-तीन दिवस अशी टाळाटाळ झाली की पाय सुजू लागतात. म्हणून पुढे एक ओळ हवी : ‘प्रवास असेल तर गोळी पोचल्यावर घ्या, पण दुपारी चारच्या आत. बुडवू नका.’ आणि तिच्याखाली : ‘उपवासाच्या दिवशीही सगळ्या गोळ्या घ्यायच्या.’ ही शंका मनात असते, पण डॉक्टरांना कोणी विचारत नाही.

दीड लिटर पाणी म्हणजे किती, हे तांब्या-पेल्याने पिणाऱ्याला सांगता येत नाही. त्याला सोपा उपाय आहे. सकाळी दीड लिटर पाणी बाटल्यांत भरून बाजूला ठेवायचे आणि आजींनी त्यातूनच प्यायचे. चहा, ताक, पेज किंवा वाटीभर आमटी घेतली की तेवढेच पाणी बाटलीतून ओतून टाकायचे. बाटली रिकामी झाली की त्या दिवसाचे पिणे संपले. किती लिटर, हा आकडा प्रत्येकासाठी डॉक्टरांनीच लिहायचा. बऱ्याच रुग्णांना अशी मर्यादा लागतही नाही.

मिठाचे दुखणे याहून अवघड, कारण भाजी सगळ्या घराची एकच होते. ‘मीठ कमी खा’ म्हटले की आजी वरून मीठ घेणे सोडतात आणि पापड, लोणचे, ठेचा, फरसाण, सुकट चालू राहते. कागदावर ही नावे घालायला हवीत. दिवसाचे सगळे मिळून सपाट चमचाभर, म्हणजे पाच ग्रॅमच्या आत मीठ, आणि आजींची आमटी-भाजी मीठ घालण्याआधी वेगळी काढायची, असे सुनेला सांगायला हवे. दोन गैरसमज तर ठळक अक्षरांत खोडले पाहिजेत. सैंधव हेही मीठच आहे. आणि दुकानात ‘कमी सोडियमचे’ म्हणून मिळणाऱ्या मिठात बहुधा पोटॅशियम असते. या आजारात स्पायरोनोलॅक्टोनसारखी पोटॅशियम वाढवणारी औषधे पुष्कळदा दिली जातात. दोन्ही एकत्र आली तर रक्तातले पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. सुनेने काळजीपोटी महागाचे मीठ आणायचे आणि त्यानेच अपाय व्हायचा, हे एका वाक्याने टळू शकते.

सगळ्या ओळींत सर्वांत घातक आहे ती ‘कंटिन्यू अदर मेडिसिन्स’. घरच्या डब्यात रक्तदाबाची टेल्मिसार्टन एका कंपनीची असते, रुग्णालयातून तीच दुसऱ्या कंपनीची येते. नाव वेगळे, रंग वेगळा. आजी दोन्ही घेतात आणि चार दिवसांनी न्हाणीघरात चक्कर येऊन पडतात. डब्यात गुडघ्यांसाठी मेडिकलमधून आणलेली डायक्लोफिनॅकची गोळीही असते. ती अंगात पाणी धरून ठेवते आणि मूत्रपिंडावर ताण आणते, म्हणजे सकाळच्या गोळीचे काम उलटे करते. यावर इलाज एकच : जुना डबा रुग्णालयात मागवायचा, नर्सने तो खाटेवर ओतायचा आणि डॉक्टरांना दाखवून कागदावर तीन भाग करायचे – चालू ठेवायच्या, नव्या आणि बंद. बंद केलेल्या गोळ्या डब्यात परत जाता कामा नयेत.

घरी बिघडते आहे हे ओळखायचे कसे, यासाठी वजन. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, साधारण त्याच कपड्यांत वजन करायचे आणि कालनिर्णयवर त्या तारखेच्या चौकोनात लिहायचे. घरी जाताना किती होते, तो आकडा कागदावर मोठ्या अक्षरात हवा. तीन दिवसांत दोन किलो वाढले तर ते अन्नाने नव्हे, पाण्याने वाढले आहे; सातव्या दिवसाची वाट न बघता त्याच दिवशी फोन करायचा. वजनकाटा नसेल तर जोडवी किंवा चप्पल घट्ट होणे, नडगीवर बोट दाबल्यावर खळगा राहणे, एका उशीच्या जागी दोन लागणे, या खुणा लिहायच्या. रात्री धाप लागून उठून बसावे लागले किंवा छातीत दुखले, तर मात्र थेट रुग्णालय. ‘एसओएस’ या तीन अक्षरांत हे सगळे गृहीत धरलेले असते, सांगितलेले नसते.

‘समजलं ना आजी?’ या प्रश्नाला आजवर कोणी ‘नाही’ म्हटलेले नाही. त्याऐवजी विचारायचे : ‘आजी, परवा वजन दोन किलोनं वाढलेलं दिसलं, तर तुम्ही काय कराल?’ त्या अडखळल्या तर चूक कागदाची आहे. तो पुन्हा लिहायचा. वाचता न येणाऱ्यांसाठी नर्सने हाच मजकूर घरच्यांच्या व्हॉट्सॲपवर आवाजात पाठवावा.

राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत रुग्णाला त्याच्या भाषेत, त्याला कळेल अशी माहिती मिळण्याचा हक्क आहे. खर्चाची सबबही टिकत नाही. एका आजाराचा कागद एकदा नीट तयार केला की पुढे आकडे आणि गोळ्यांची नावे भरायची असतात. बदलावी लागेल ती वेळ. आज बिल भरून, विम्याची मंजुरी येऊन सगळे निघण्याच्या घाईत असताना कागद हाती पडतो, आणि सही करतो तो बहुधा मुलगा, ज्याला उद्या कामावर जायचे असते. कागद आदल्या दिवशी द्यावा, आणि गोळ्या देणारी, आमटी वेगळी काढणारी जी कोणी असेल तिला बोलावून तिच्याच हातात द्यावा.